सोसायटी रिपेअरचा कॉलेज प्रोजेक्ट: आधी मापं घ्या, बजेट त्यातूनच निघतं

प्रश्न: "आम्ही टीवाय बीएमएसचे चार जण. प्रोजेक्ट मॅनेजमेंटला ग्रुप प्रोजेक्ट मिळालाय, एका हाउसिंग सोसायटीचं रिनोव्हेशन प्लॅन करायचं, स्कोप, बजेट, व्हेंडर आणि टाइमलाइन सगळं हवं. एका मित्राची डोंबिवलीतली सोसायटी घेतोय, तळ अधिक चार मजले, २० फ्लॅट, १९९४ ची बिल्डिंग. नेटवर सगळीकडे नुसते टेम्प्लेट आहेत. सर म्हणाले आकडे खरे वाटले पाहिजेत. सुरुवात कुठून करू?"

मी ठाणे-डोंबिवली पट्ट्यात सोसायट्यांच्या रिपेअरची कन्सल्टन्सी करतो, त्यामुळे या वयाच्या आणि या उंचीच्या बिल्डिंगा रोजच्याच आहेत. टेम्प्लेट उपयोगी का पडत नाही ते आधी सांगतो. नवीन बिल्डिंग बांधताना ड्रॉइंग हातात असतं, किती काँक्रीट लागणार ते आधी कळतं. रिपेअरमध्ये नेमकं तेच कळत नाही. प्लास्टरच्या आत सळई किती गंजलीये हे परांची लागून हातोडी वाजवल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, मी पण नाही. म्हणजे तुमचं काम आहे न दिसणाऱ्या कामाचा अंदाज बांधणं आणि तो चुकला तर काय होईल हे आधीच मांडून ठेवणं. स्कोप, बजेट, व्हेंडर, टाइमलाइन या चारही गोष्टी या एकाच मुद्द्याला बांधलेल्या आहेत, म्हणून चौघांत एकेक चॅप्टर वाटून घेऊ नका, एकाचा आकडा हलला की बाकी तिघांचे हलतात.

काय करायचं ते बऱ्याच प्रमाणात बिल्डिंगच्या अवस्थेवर अवलंबून आहे. सेक्रेटरींना भेटून पहिला प्रश्न विचारा, स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का. हाउसिंग सोसायट्यांच्या नियमावलीप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असतं, म्हणजे १९९४ च्या बिल्डिंगचा एखादा रिपोर्ट फाइलमध्ये असायला हवा. ऑडिटरने जर बिल्डिंग रिपेअरच्या पलीकडे गेलीये असं लिहिलं असेल तर विषयच बदलतो, मग तो पुनर्विकासाचा प्रोजेक्ट होतो आणि तुम्ही दुसरी सोसायटी घ्या. "दुरुस्ती आवश्यक" एवढंच असेल तर खालचं सगळं लागू पडतं.

आता स्कोप. "रंगकाम, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग" असं लिहिलं म्हणजे ती कामांची नुसती नावं झाली. स्कोप म्हणजे कुठल्या भिंतीवर, किती चौरस फूट, काय करायचं आणि काय करायचं नाही. यासाठी मापं घ्या, इंजिनिअर असायची गरज नाही. सोसायटीकडे मंजूर नकाशा असेल तर लांबी-रुंदी तिथून मिळते, नसेल तर खाली टेप टाका. उंचीसाठी जिना मोजा. समजा एका मजल्याला १८ पायऱ्या आणि प्रत्येक पायरी साडेसहा इंच उंच, तर मजला ११७ इंच म्हणजे पावणेदहा फूट. पाच मजले, खाली जोतं, वर गच्चीची पॅरापेट, सगळं धरून साधारण ५४ फूट. बिल्डिंग ६० बाय ५० फूट असेल तर परीघ २२० फूट, आणि बाहेरचं क्षेत्रफळ २२० गुणिले ५४, म्हणजे १२ हजाराच्या थोडं खाली. यात डक्टच्या आतल्या भिंती, बाल्कन्या, छज्जे आले नाहीत, त्यांची मापं वेगळी घ्यायची, मी उदाहरणाला ३ हजार धरतो. झाले १५ हजार चौरस फूट. पुढच्या बजेटचा बराचसा भाग या एका आकड्यावर उभा आहे म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजून ताडून बघा.

मग या १५ हजारातलं किती खराब आहे ते ठरवायचं. खालून हात पोचेल तिथे, जिन्याच्या खिडकीतून, गच्चीवरून पॅरापेटवर, लाकडी मुठीने किंवा छोट्या हातोडीने हलकं वाजवत जा. धरून असलेलं प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं पोकळ वाजतं, दहा मिनिटांत कान तयार होतो. परांचीवर किंवा छज्ज्यावर मात्र कोणी चढायचं नाही, हे अगदी स्पष्ट सांगतो, जुने छज्जे माणसाचं वजन घेतीलच असं नाही. वरच्या मजल्यांसाठी समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून झूम करून फोटो काढा आणि त्यावर तडे, ओल, उघडी सळई मार्क करा. कॉलम किंवा बीमच्या कडेने उभा सरळ तडा दिसला तर बहुतेक वेळा आत सळई गंजलेली असते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीटला ढकलून खपली काढतो. जाळीसारखे बारीक केसाएवढे तडे वेगळे, ते फक्त प्लास्टरचे असतात, दोन्ही एकाच रकान्यात टाकू नका.

एक छोटी टेस्ट तुम्हालाही करता येईल. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधून फिनॉल्फथॅलिन घ्या आणि जिथे काँक्रीटची खपली आधीच निघालीये तिथल्या ताज्या तुटलेल्या भागावर एखादा थेंब टाका, अर्थात सेक्रेटरींना विचारून. गुलाबी झालं तर तिथलं काँक्रीट अजून क्षारीय आहे, सळईला संरक्षण आहे. रंग आलाच नाही तर हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथपर्यंत पोचलाय आणि ते संरक्षण गेलंय. हे एका जागेचं उत्तर असतं, अख्ख्या बिल्डिंगचं नाही, पण सर्टिफिकेट न देता फोटोसकट रिपोर्टमध्ये टाकलं तर कारण आणि काम यांचा संबंध दिसतो.

वाजवून बघताना एक गोष्ट नक्की लक्षात येईल, पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती जास्त खराब असतात. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, त्या दोन बाजू चार महिने झोडपल्या जातात. म्हणून मी अशा बिल्डिंगला बहुतेक वेळा पश्चिम-दक्षिण पूर्ण प्लास्टर काढून नव्याने, आणि पूर्व-उत्तर फक्त पोकळ भागाचे पॅच, असा स्कोप काढतो. सगळीकडे पूर्ण प्लास्टर केलं तर खर्च वाढतो, सगळीकडे पॅच केले तर मारा खाणाऱ्या बाजूला नव्या-जुन्याच्या सांध्यातून पाणी परत शिरतं. आपल्या उदाहरणात अर्धं क्षेत्र ७,५०० पूर्ण, उरलेल्या ७,५०० पैकी १५ टक्के पॅच म्हणजे साधारण १,१००, एकूण ८,६०० चौरस फूट.

स्कोपमध्ये काय नाही हे पण तितकंच ठळक लिहा, कारण सभेत भांडणं तिथेच होतात. लोकांचे बॉक्स ग्रिल, एसीची बाहेरची युनिट, कबुतराच्या जाळ्या, कपड्यांचे दांडे, हे काढल्याशिवाय मागची भिंत करता येत नाही. ते कोण काढणार, परत कोण बसवणार, पैसे कोणाचे? वरच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या लादीतून खालच्याच्या छताला येणारी गळती सोसायटीच्या कामात येत नाही, ती त्या सभासदाने आपल्या खर्चाने करायची असते, पण बाहेरच्या कॉमन पाइपची आणि पावसाची गळती सोसायटीची. २० घरांत एक छोटा सर्व्हे करा, कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीला, पावसातच की बाराही महिने ओल येते. बारा महिने येते ती पाइपची किंवा बाथरूमची, फक्त पावसात येते ती भिंतीची किंवा गच्चीची. एवढ्या एका प्रश्नाने अर्धं निदान होतं.

बजेटला येतो. खाली दिलेले दर मी समजायला सोपे जावेत म्हणून धरलेत, तुम्ही तुमच्या भागातल्या दोन-तीन कॉन्ट्रॅक्टरना विचारून आणि सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची बघून बदला. पद्धत मात्र हीच ठेवा, प्रत्येक ओळीत परिमाण, दर, रक्कम. यालाच आम्ही बीओक्यू म्हणतो.

प्लास्टर काढून दोन थरांत नवीन: ८,६०० चौ. फूट, ११० रुपये, ९.४६ लाख
काँक्रीट रिपेअर, पॉलिमर मॉर्टर: १,२०० चौ. फूट, ३५० रुपये, ४.२० लाख
तळमजल्याच्या ४ कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून नवीन सळई आणि काँक्रीटचं आवरण: प्रत्येकी ३० हजार, १.२० लाख
परांची: १२,००० चौ. फूट, २२ रुपये, २.६४ लाख
गच्ची वॉटरप्रूफिंग, पॅरापेटच्या कडेने गोलसर भरलेल्या वाट्यासकट: ३,३०० चौ. फूट, १३० रुपये, ४.२९ लाख
बाहेरचे ड्रेनेज पाइप: ४४० रनिंग फूट, ४५० रुपये, १.९८ लाख
बाहेरून रंग: १५,००० चौ. फूट, २८ रुपये, ४.२० लाख

बेरीज २७.९७ लाख. यावर १८ टक्के जीएसटी, तो सोसायटीला परत मिळत नाही असंच धरा, म्हणजे ३३ लाख. कन्सल्टंटची फी समजा ४ टक्के, तिच्यावर जीएसटी, साधारण १.३२ लाख.

आता राखीव रक्कम. पुस्तकात सरसकट १० टक्के असतं, मला ते पटत नाही, कारण सगळ्या ओळी सारख्या अनिश्चित नाहीत. गच्ची ३ हजार फूट आहे ती उद्या ४ हजार होणार नाही. रंगाचं क्षेत्रफळ, पाइपची लांबी, सगळं आज मोजता येतं. वाढतं ते काँक्रीट रिपेअर, कारण ते आत लपलेलं आहे, आणि काही प्रमाणात प्लास्टर. म्हणून मी काँक्रीट रिपेअरच्या ओळीवर ५० टक्के आणि प्लास्टरवर १५ टक्के राखीव ठेवतो, बाकीच्या ओळींवर शून्य. आपल्या केसमध्ये २.१० लाख अधिक १.४२ लाख, जीएसटीसकट ४.१५ लाख. एकूण आकडा साडेअडतीस लाखाच्या आसपास येतो. राखीव रक्कम कुठल्या ओळीसाठी आणि का, हे लिहिलंत तर सरांना आकडा खरा वाटेल.

हे पैसे आणायचे कुठून, हा भाग विद्यार्थी सोडून देतात आणि सोसायटीत तर काम तिथेच अडतं. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड जमा व्हायला हवा. पण तो १९९४ च्या बांधकाम खर्चावर काढलेला असतो, त्यामुळे आजच्या कामाला पुरत नाही. सिंकिंग फंड मोठ्या दुरुस्तीला वापरायचा तर आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. समजा दोन्ही मिळून वापरता येण्यासारखे १२ लाख आहेत, तर साडेसव्वीस लाख सभासदांकडून काढायचेत. इथे २० ने भागू नका. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी क्षेत्रफळाप्रमाणे असते. समजा १० फ्लॅट ४५० चौरस फुटांचे आणि १० फ्लॅट ६५० चे, एकूण ११,०००, तर फुटाला २४१ रुपये पडतात. लहान फ्लॅटला १.०८ लाख, मोठ्याला १.५७ लाख. ही रक्कम एकदम मागितली तर पेन्शनवर राहणाऱ्या घरांना जड जाते, म्हणून वर्गणी सुरू करायची तारीख आणि हप्ते टाइमलाइनमध्ये पहिल्या ओळीत टाका, काम सुरू व्हायच्या कितीतरी आधी. वर्क ऑर्डर देताना निदान पहिल्या दोन-तीन बिलांचे पैसे बँकेत असले पाहिजेत, नाहीतर काम अर्ध्यावर थांबतं आणि परांचीचं भाडं चढत राहतं.

व्हेंडरचा भाग मी जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरला "तुमचं कोटेशन द्या" म्हटलं तर पाच जण पाच वेगळ्या कामांची कोटेशन देतील, कोणी परांची धरेल, कोणी धरणार नाही, कोणी प्लास्टर एका थरात करेल. म्हणून दर रिकामे ठेवलेली तीच बीओक्यू सगळ्यांना द्या, बंद पाकिटात दर मागवा आणि सभासदांसमोर उघडा. आणि करार परिमाणावर दर असा ठेवा, ठोक रकमेचा नको. ठोक रकमेत काँक्रीट रिपेअर जास्त निघालं की कॉन्ट्रॅक्टर एकतर ते झाकून टाकतो नाहीतर काम अडवून जास्तीचे मागतो.

यानंतर तुलना करताना फक्त शेवटची बेरीज बघू नका. समजा दोन कॉन्ट्रॅक्टर आहेत, बाकी सगळे दर सारखे. पहिल्याने प्लास्टर ८८ आणि काँक्रीट रिपेअर ४८० लावलं, दुसऱ्याने ११० आणि ३५०. आपल्या परिमाणांवर पहिल्याचे या दोन ओळींचे १३.३३ लाख होतात, दुसऱ्याचे १३.६६ लाख. पहिला ३३ हजारांनी स्वस्त, सभेत सगळे त्यालाच द्या म्हणतील. पण परांची लागल्यावर काँक्रीट रिपेअर १,२०० ऐवजी २,००० फूट निघालं, जे अजिबात दुर्मिळ नाही, तर पहिला १७.१७ लाखांवर जातो आणि दुसरा १६.४६ वर. आता पहिला ७१ हजारांनी महाग. अनुभवी कॉन्ट्रॅक्टरला माहीत असतं कुठली ओळ वाढणार, तो तिथे दर चढवतो आणि वाढणार नाही तिथे उतरवतो. दोघांच्या रिपेअरच्या दरात १३० चा फरक, सुरुवातीचा फायदा ३३,२०० चा, भागाकार केला की कळतं, काँक्रीट रिपेअर २५५ फुटांपेक्षा जास्त वाढलं की पहिला महाग पडायला लागतो. हा भागाकार एक्सेलमध्ये करून त्याचा आलेख टाका, तुमच्या प्रोजेक्टचं सगळ्यात भक्कम पान तेच असेल.

कॉन्ट्रॅक्टरची पारख करायला त्याचं तीन-चार पावसाळे झालेलं जुनं काम बघायला जा, नुकतंच रंगवलेलं नको, नवा रंग सगळंच छान दाखवतो. तिथल्या वॉचमनला आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला विचारा ओल परत आली का. करारात बिलातून ५ टक्के राखून ठेवणं, एक वर्ष दोष-दुरुस्तीची जबाबदारी, वॉटरप्रूफिंगची वेगळी लेखी गॅरंटी, मजुरांचा विमा, आणि सोसायटीने कापायचा टीडीएस एवढं आलंच पाहिजे.

बिल कसं मोजलं जाणार हे पण व्हेंडरच्याच चॅप्टरमध्ये लिहा. परांची लागली की कन्सल्टंट, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आणि कमिटीतला एक जण असे तिघं मिळून भिंत वाजवतात, पोकळ भागाला रंगाने चौकोन मारतात. काँक्रीट रिपेअरची जागा फोडून झाल्यावर, सळई घासून गंजरोधक लावायच्या वेळेला, तिची लांबी-रुंदी आणि खोली मोजून वहीत लिहायची आणि तिघांच्या सह्या घ्यायच्या, फोटो काढायचा. वरून मॉर्टर आणि प्लास्टर चढलं की खाली १० फूट रिपेअर होतं की ४० हे जगात कोणालाच सांगता येत नाही. दुसरी खूण म्हणजे पॉलिमरच्या रिकाम्या कॅनचा हिशोब, वहीत रिपेअर भरपूर आणि कॅन थोडे असतील तर एकतर माप फुगवलंय किंवा मॉर्टरमध्ये पॉलिमर नीट पडलेला नाही.

आता टाइमलाइन. इथे सुरुवातीच्या तारखेपासून पुढे मोजायचं नाही, पावसापासून मागे मोजायचं. बाहेरचं सगळं काम १५ मेपर्यंत संपलं पाहिजे, जूनमध्ये पाऊस येतो आणि त्याआधी वळवाचा एखाददुसरा तडाखा बसतो. पण पावसाळा फुकट घालवायचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घराघरातला गळतीचा सर्व्हे करायचा, कारण तेव्हाच गळती दिसते. ऑगस्टमध्ये बीओक्यू आणि निविदा, आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, त्यात कॉन्ट्रॅक्टर आणि वर्गणीची मंजुरी. वर्क ऑर्डर ऑक्टोबरमध्ये दिली तरी प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर धरा. आपल्याकडचे बरेच कारागीर उत्तर प्रदेश-बिहारचे, दिवाळी आणि छठला गावी जातात, होळीला परत जातात, आणि मेमध्ये लग्नसराईला. कॅलेंडरमध्ये होळीचे दोन आठवडे रिकामे ठेवा.

एका बाजूचं काम असं चालतं: पहिला आठवडा परांची आणि मापं, पुढचे तीन आठवडे फोडणं आणि काँक्रीट रिपेअर, दोन आठवडे प्लास्टर, मग एक आठवडा पाणी मारणं, त्यानंतर भिंत वाळायला तीन-चार आठवडे, आणि शेवटी रंग. बारा आठवडे झाले. चार बाजू एकामागे एक केल्या तर ४८ आठवडे होतात, म्हणजे मध्ये पावसाळा येतो, जमणारच नाही. म्हणून टोळ्या सरकवायच्या. पश्चिमेचं रिपेअर चौथ्या आठवड्यात संपलं की ती टोळी पाचव्यात दक्षिणेला, तिच्या मागोमाग पश्चिमेवर प्लास्टरवाले येतात. पूर्व-उत्तरेला काम कमी, तिथे दोन-दोन आठवड्यांत रिपेअर होतं. असं लावलं तर साधारण १८ आठवड्यांत चारही बाजूंचा रंग होतो, होळी धरून एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा. वाळायचे आठवडे कोणाच्या सांगण्यावरून कापू नका. ओल्या प्लास्टरवर रंग दिला की पहिल्याच वर्षी फोड येतात आणि पापुद्रे सुटतात.

यात पाइप कुठे घालायचे ते विसरू नका. जुना पाइप काढल्याशिवाय त्याच्या मागची भिंत होत नाही, आणि पाइप काढला की त्या ओळीतल्या पाचही मजल्यांचे संडास बंद. म्हणून एका दिवशी एकच ओळ, आदल्या दिवशी नोटीस, आणि मागच्या भिंतीचं प्लास्टर होईपर्यंत तात्पुरता पाइप. म्हातारी किंवा आजारी माणसं कुठल्या घरात आहेत ते आधी विचारून तो दिवस ठरवायचा. गच्चीचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, झालं की दोन दिवस पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का बघायचं, आणि या टेस्टला शेड्यूलमध्ये स्वतंत्र ओळ द्या. परांचीखालच्या गाड्या कुठे लावायच्या हे पण पहिल्या आठवड्याच्या आधी ठरलं पाहिजे, नाहीतर पहिला आठवडा त्यातच जातो.

आणि बाजूंचा क्रम मी पश्चिम, दक्षिण, मग पूर्व, उत्तर असा मुद्दाम दिलाय. काँक्रीट रिपेअर दुप्पट निघालं किंवा वर्गणी रखडली तर काम मेच्या पुढे जाणारच, तेव्हा जे मागे राहतं ते उत्तरेकडचे पॅच आणि रंग असायला हवेत, जे ऑक्टोबरमध्ये परत परांची लावून करता येतात. उलट क्रम लावला आणि पश्चिमेची भिंत प्लास्टर काढून उघडी असताना पाऊस आला, तर त्या बाजूच्या पाच मजल्यांच्या घरात पाणी शिरतं. तुमच्या शेड्यूलमध्ये एक ओळ अशी टाका: १५ एप्रिलला कमिटी बसून बघेल, ज्या बाजूचं प्लास्टर अजून फोडलेलं नाही ती बाजू या मोसमात उघडायची नाही.